दोन डास, साठ शब्द

हैदराबादेत संशोधनाची कमी नाही. उप्पल रोडला सीसीएमबी, तारनाक्याला आयआयसीटी आणि राष्ट्रीय पोषण संस्था, शहराबाहेर पटांचेरूला इक्रिसॅट. या आणि अशा संस्थांमधली पोरं परिषदेला किंवा जर्नलला ॲब्स्ट्रॅक्ट पाठवतात, तेव्हा ते पाठवण्याच्या आदल्या रात्री माझ्यासारख्या भाषा-संपादकाचा फोन वाजतो. मजकूर तयार असतो, लेखकांची नावं कुठल्या क्रमाने द्यायची यावरची भांडणंसुद्धा मिटलेली असतात. अडतं ते एकाच ठिकाणी. मर्यादा २५० शब्दांची आणि मजकूर ३३७ शब्दांचा. पोर्टलवरचा आकडा लाल झालेला आणि सबमिटचं बटण काही दाबलं जात नाही.

अशा वेळी पहिला प्रयत्न असतो तो पोर्टललाच फसवण्याचा. बहुतेक पोर्टलं दोन मोकळ्या जागांच्या मधलं जे काही असेल त्याला एक शब्द मानतात. म्हणून p < 0.05 हे तीन शब्द होतात आणि p<0.05 हा एक. मग मोकळ्या जागा पुसायच्या, जिथे नको तिथे जोडरेघा घालायच्या, तीन शब्दांच्या नावाचं तीन अक्षरी लघुरूप करायचं. एका मुलाने एकदा ‘आणि’च्या जागी सगळीकडे तिरप्या रेघा मारल्या होत्या. शब्द आठ-दहा वाचले, पण वाचणाऱ्याला प्रत्येक रेघेशी थांबून विचार करावा लागायचा की इथे ‘आणि’ घ्यायचं की ‘किंवा’. शिवाय काही पोर्टलं शब्द नव्हे, अक्षरं मोजतात, मोकळ्या जागांसकट. तिथे या युक्त्यांचा उपयोग शून्य.

युक्त्या संपल्या की कात्री बाहेर येते, आणि ती कुठे चालते हे आता मला न बघता सांगता येतं. आधी पद्धत कापली जाते, कारण ‘ती आत सविस्तर दिलीच आहे’. मग अभ्यासाच्या मर्यादा जातात. मग आकड्यांसोबतचे तपशील जातात: किती जणांवर, किती दिवसांनी, कशाच्या तुलनेत. पहिल्या दोन ओळींना मात्र कोणी हात लावत नाही. अमुक आजार ही जगापुढची गंभीर समस्या आहे, अमुक पीक देशासाठी महत्त्वाचं आहे, वगैरे. त्या ओळी सगळ्यांत आधी आणि निवांत वेळी लिहिलेल्या असतात, बऱ्याचदा गाइडच्या जुन्या निबंधातून आलेल्या असतात, आणि गाइडचं वाक्य उडवायची छाती पीएचडीच्या चौथ्या वर्षापर्यंत तरी कोणाची होत नाही.

यावर बोलून उपयोग नसतो. म्हणून कार्यशाळेत मी पोरांना एक सराव देते, आणि तो इथल्याच मातीतला आहे. बेगमपेटच्या जुन्या विमानतळाजवळ एक बैठी इमारत आहे, आता उस्मानिया विद्यापीठाकडे असलेली. तिथे रोनाल्ड रॉस काम करत होता. २० ऑगस्ट १८९७ ला त्याने डासाच्या पोटात काय पाहिलं हे शाळेच्या पुस्तकात असतं, तारीखही जागतिक डास दिन म्हणून पाळली जाते. पण त्याने त्याविषयी नेमकं काय लिहिलं, हे फार थोड्यांनी वाचलेलं असतं. तो निबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १८ डिसेंबर १८९७ ला आला. जेमतेम तीन पानांचा. तेव्हा निबंधाच्या डोक्यावर ॲब्स्ट्रॅक्ट छापायची रीत नव्हती, त्यामुळे त्याला ॲब्स्ट्रॅक्टच नाही. सराव हाच: निबंध वाचा आणि त्याचा साठ शब्दांत गोषवारा लिहा.

साठ हा आकडा मुद्दाम जाच व्हावा म्हणून. ‘सायन्स’ला १२५ शब्दांपर्यंत चालतं, वैद्यकीय जर्नलं अडीचशे-तीनशेपर्यंत जाऊ देतात. तेवढ्या जागेत चुका लपून राहतात. साठात त्या उघड्या पडतात.

निबंधात आहे काय, ते आधी सांगते. पॅट्रिक मॅन्सन या लंडनच्या डॉक्टरचं म्हणणं असं, की मलेरियाचा परजीवी माणसाच्या रक्तातून डासाच्या शरीरात जातो आणि तिथे वाढतो. रॉस ते तपासायला बसला. मिळेल तो डास चिरून त्याचा बराच काळ वाया गेला होता, कारण ते डास दुसऱ्याच जातींचे होते. १८९७ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या हाती पंखांवर ठिपके असलेले डास लागले. आज आपण त्यांना ॲनोफिलिस म्हणतो. ते त्याने बाटलीत अळीपासून वाढवले होते. म्हणजे त्यांनी आधी कोणालाही चावलेलं नव्हतं. हुसेन खान नावाच्या रुग्णाच्या रक्तात परजीवीच्या चंद्रकोरीच्या आकाराच्या अवस्था होत्या. त्याला मच्छरदाणीत निजवून १६ ऑगस्टला हे डास त्याच्यावर सोडले. दर चावणाऱ्या डासामागे एक आणा असा भाव होता, आणि त्याला दहा आणे मिळाले असं सांगतात.

पुढचे काही दिवस यातले डास मेले किंवा चिरून झाले. वीस तारखेला दोन उरले. त्यातला एक रॉसने त्या दिवशी चिरला. जठराच्या भिंतीत त्याला गोल, नाजूक अशा बारा पेशी दिसल्या आणि त्यांच्यात काळे रंगकण, हुबेहूब मलेरियाच्या परजीवीत असतात तसे. दुसऱ्या दिवशी शेवटचा डास चिरला. त्यातही त्याच पेशी, पण आकाराने मोठ्या. बस. याच्या पुढे निबंध जात नाही. सैन्यातल्या स्मिथ नावाच्या डॉक्टरने त्या पेशी स्वतः पाहिल्या, त्याची टीपही निबंधाला जोडलेली आहे.

पोरं लिहायला बसतात. मूळ सराव इंग्रजीत असतो. इथे मराठीत देते. नांदेडहून आलेल्या एका हुशार मुलाने लिहिलेला हा पहिला मसुदा:

‘मलेरिया हा जगभरातील अत्यंत महत्त्वाचा व गंभीर आजार असून त्यामुळे दरवर्षी असंख्य लोक मृत्युमुखी पडतात. या आजाराचा प्रसार नेमका कसा होतो याविषयी अनेक वर्षांपासून विविध मते मांडली जात आहेत. प्रस्तुत अभ्यासात डासांचे सूक्ष्मदर्शकाखाली सविस्तर परीक्षण करण्यात आले. त्यात मलेरियाचे परजीवी आढळून आले. यावरून मलेरियाचा प्रसार डासांमुळे होतो हे सिद्ध झाले असून मलेरिया निर्मूलनाच्या दृष्टीने हे संशोधन अत्यंत उपयुक्त ठरेल.’

मोजून ५९ शब्द. पोर्टलने आनंदाने घेतला असता. भाषा स्वच्छ, वाक्यं व्याकरणशुद्ध. पद्धत, निष्कर्ष, महत्त्व तिन्ही खाने भरलेले. आणि तरी या गोषवाऱ्यात रॉसच्या निबंधातलं जवळजवळ काहीच नाही.

मी फळ्यावर फक्त हिशेब मांडते. पार्श्वभूमीला २९ शब्द. पद्धतीला ८. निष्कर्षाला ५. महत्त्वाला १७. म्हणजे रॉसने जे केलं आणि पाहिलं त्याला मिळून १३ शब्द, आणि जे सगळ्यांना आधीच ठाऊक होतं किंवा जे त्याने म्हटलंच नाही त्याला ४६. वर्गात एकदम शांतता. मग मागच्या बाकावरून खास दखनी थाटात आवाज येतो, ‘मॅडम, वो तो इंट्रो है, उसको कैसे काटना?’

काटना. आधी तेच काटना. पहिली दोन वाक्यं मिळून जे सांगतात ते एका प्रश्नात बसतं: मलेरियाचा परजीवी डासात वाढतो का? या प्रश्नाला पाच शब्द लागतात. ज्याला मलेरिया गंभीर आहे हे सांगावं लागतं, तो हा निबंध उघडणारच नाही.

मग पद्धत. ‘सविस्तर परीक्षण करण्यात आले’ या चार शब्दांत माहिती शून्य आहे. ‘करण्यात आले’ ही सरकारी सवय तर शब्दमर्यादेची सगळ्यांत मोठी शत्रू. ‘तपासले’ एवढ्याने भागतं. पण नुसतं छोटं करून चालत नाही, योग्य तो तपशील आत आणावा लागतो, आणि कुठला तपशील योग्य, ही यातली खरी मेख. मी पोरांना विचारते, कुठली गोष्ट काढली तर निष्कर्षावरचा विश्वास कोसळेल? हुसेन खानचं नाव काढलं तर काही बिघडत नाही. एक आणा हा किस्सा रंगतदार, पण तोही गेला तर चालतो. मच्छरदाणीसुद्धा जाऊ द्या. डास अळीपासून वाढवलेले होते, हे मात्र काढता येत नाही. ते काढलं की कोणीही म्हणेल, या डासाने आधी दुसरं काही प्यायलं नसेल कशावरून? रुग्णाच्या रक्तात परजीवी होते हेही काढता येत नाही. आणि डासाची जात तर नाहीच, कारण रॉसचा सगळा आधीचा काळ चुकीच्या जातीपायी गेला होता.

निष्कर्षाशी आल्यावर पोरं ‘दोन’ हा शब्द लिहायला लाजतात. इतक्या मोठ्या शोधाला फक्त दोन डास? एकजण म्हणाला, ‘दहापैकी दोन म्हणजे वीस टक्के, असं लिहू?’ दुसरी म्हणाली, ‘शेवटी उरलेल्या दोन्ही डासांत सापडल्या, म्हणजे शंभर टक्के.’ दोघांचं गणित बरोबर आणि दोघांची वाक्यं दिशाभूल करणारी. आधीच्या दिवसांत मेलेल्या किंवा चिरलेल्या डासांत पेशी दिसण्याइतक्या वाढायला वेळच मिळाला नव्हता, तेव्हा त्यांना धरून टक्के काढण्यात अर्थ नाही. आणि दोनाचे शंभर टक्के सांगणं म्हणजे दोन हा आकडा लपवणं. नमुना लहान असला की टक्केवारी लिहू नये, मोजलेली संख्या लिहावी. शब्दही कमी लागतात.

आणखी एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक मसुद्यातून गळते: दुसऱ्या डासातल्या पेशी मोठ्या होत्या. पोरांना तो बारीकसारीक तपशील वाटतो. खरं तर सगळा निबंध त्याच्यावर उभा आहे. एका डासात विचित्र पेशी दिसल्या तर ती त्या डासाची व्याधी असू शकते, चिरताना झालेली घाण असू शकते. पण चौथ्या दिवशी लहान आणि पाचव्या दिवशी मोठ्या, म्हणजे काहीतरी जिवंत आहे आणि ते वाढतंय. मॅन्सनचा प्रश्नच ‘वाढतो का’ हा होता. ‘पेशी मोठ्या होत्या’ हे शब्द गेले तर उत्तर गेलं. तसंच आधी तपासलेल्या दुसऱ्या जातींच्या डासांत अशा पेशी कधी दिसल्या नव्हत्या, ही तुलनाही राहायलाच हवी.

शेवटी महत्त्व. ‘मलेरियाचा प्रसार डासांमुळे होतो हे सिद्ध झाले’, हे वाक्य खरं आहे, पण १८९७ च्या सिकंदराबादेत ते खरं नव्हतं. या निरीक्षणानंतर थोड्याच दिवसांत रॉसची बदली राजपुतान्यात खेरवाड्याला झाली. तिथून तो कलकत्त्याला गेला, आणि १८९८ मध्ये तिथे पक्ष्यांच्या मलेरियावर काम करताना परजीवी डासाच्या लाळग्रंथीत पोचतो आणि निरोगी पक्ष्याला चावल्यावर त्याला आजार होतो, हे त्याने दाखवलं. माणसाच्या बाबतीत ते ॲनोफिलिसवर दाखवलं ग्रासी आणि त्याच्या इटालियन सहकाऱ्यांनी, त्याच वर्षाअखेरीस. नांदेडच्या मुलाने पुढच्या वर्षभराचं काम आधीच्या वर्षाच्या खात्यात जमा करून टाकलं होतं. त्याचा दोष नाही. शाळेत आपण हे सगळं एका वाक्यात शिकतो. पण स्वतःच्या कामाबाबतही हीच माणसं हेच करतात. उंदरावर झालेलं काम ॲब्स्ट्रॅक्टच्या शेवटच्या ओळीत रुग्णापर्यंत पोचतं.

रॉस स्वभावाने मुळीच नम्र नव्हता. श्रेयावरून त्याने ग्रासीशी वर्षानुवर्षं भांडण केलं. शोध लागला त्याच सुमारास त्याने त्यावर एक कविताही लिहिली, आणि तिच्यात तो आपण मृत्यूचं गुपितच उकलल्याच्या थाटात बोलतो. पण जर्नलला निबंध पाठवताना त्याने शीर्षक काय दिलं? मराठीत सांगायचं तर, मलेरियाग्रस्त रक्त प्यायलेल्या दोन डासांत आढळलेल्या काही विलक्षण रंगकणयुक्त पेशींविषयी. काय केलं ते त्यात आहे, किती डास ते आहे, काय दिसलं ते आहे. शोध लागला असं कुठेच नाही. माझ्या मते त्या निबंधाला ॲब्स्ट्रॅक्टची गरज पडली नाही ती म्हणूनच.

घासून-पुसून त्या वर्गाने शेवटी जे उभं केलं ते असं:

‘मलेरियाचा परजीवी डासात वाढतो का, हे पाहण्यासाठी अळीपासून वाढवलेले ठिपकेदार पंखांचे डास चंद्रकोरी परजीवी असलेल्या रुग्णाला चावू दिले. चौथ्या व पाचव्या दिवशी चिरलेल्या दोन डासांच्या जठरभिंतीत मलेरियासारखे काळे रंगकण असलेल्या पेशी दिसल्या. पाचव्या दिवशीच्या मोठ्या होत्या. आधी तपासलेल्या इतर जातींच्या डासांत अशा पेशी नव्हत्या. परजीवी या जातीत वाढत असावा. माणसाकडे तो कसा परततो, हे तपासलेले नाही.’

५६ शब्द. चार शिल्लक. त्या चारांत काय घालायचं यावर पुन्हा वाद झाला. बारा हा पेशींचा आकडा घालावा असं काहींना वाटलं, एकाला ‘मलेरिया निर्मूलनास उपयुक्त’ परत हवं होतं. मी ते रिकामेच ठेवायला लावले. मर्यादा म्हणजे भरायचा कोटा नव्हे, हे परिषदेचे परीक्षकही तुम्हाला सांगतील.

‘असावा’वर मात्र नेहमी कुरकुर होते. लेखन कमकुवत वाटतं म्हणे. ‘कदाचित असे म्हणता येऊ शकेल’ हे कमकुवत आहे आणि पाच शब्द खातं. ‘असावा’ एका शब्दात पुराव्याची मापं देतो.

हे जुनं झालं म्हणून कोणी नाक मुरडलं, तर मी पटांचेरूचं उदाहरण काढते. इक्रिसॅटच्या पुढाकाराने तुरीचा जनुकीय आराखडा झाला आणि तो ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’च्या २०१२ च्या पहिल्या अंकात छापून आला. आपल्या ताटातल्या वरणाची तूर. ज्या वाणाचं वाचन केलं तो ‘आशा’, महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला ओळखीचा. गोषवारा सुमारे दीडशे शब्दांचा. काम इतकं मोठं की नुसत्या गौरवानेच दीडशे शब्द संपले असते. त्याऐवजी त्यात कुठलं यंत्रतंत्र वापरलं ते आहे, ४८,६८० जनुकांचा अंदाज आहे, आणि जुळवणी संपूर्ण जनुकसंचाच्या ७२.७ टक्क्यांचीच झाली हा आकडा आहे. शीर्षकातच ‘मसुदा’ असं म्हटलंय. पाव हिस्सा अजून हाती नाही, ही कबुली त्यांनी दीडशे शब्दांत जागा काढून दिली. सोयाबीनमध्ये दिसतं तसं अलीकडचं संपूर्ण जनुकसंचाचं दुपटीकरण तुरीत दिसलं नाही, हा नकारार्थी निष्कर्षही ठेवला. पोरांच्या मसुद्यात अशी ‘दिसलं नाही’वाली वाक्यं पहिल्याच फेरीत उडतात. महत्त्वाचं वाक्य शेवटी एकच, या आराखड्याचा वाण सुधारायला उपयोग होईल असं.

शब्दमर्यादेचा जुना दरारा काय होता, ते पबमेडवर अजून दिसतं. पूर्वीच्या काळातल्या कित्येक नोंदींच्या शेवटी ABSTRACT TRUNCATED AT 250 WORDS असं कंसात लिहिलेलं असतं. तिथे अडीचशेवा शब्द आला की गोषवारा तुटायचा. महत्त्व शेवटी लिहायची पद्धत असल्याने नेमका निष्कर्षाचा शेवट आणि महत्त्व तुटायचं. पार्श्वभूमी सुखरूप राहायची.

याहून मोठा घोटाळा कापाकापीनंतर होतो, आणि तो पोर्टलला कळत नाही. परीक्षकांच्या सूचनेवरून निबंधातलं विश्लेषण पुन्हा केलं जातं, तक्ते बदलतात, एक-दोन रुग्ण वगळले जातात. गोषवारा मात्र आधीच मर्यादेत बसवलेला असतो, त्याला परत हात लावायची कोणाची इच्छा नसते. तो जुनेच आकडे घेऊन छापून येतो. १९९९ साली जामा या जर्नलमध्ये पिटकिन आणि सहकाऱ्यांनी मोठ्या वैद्यकीय जर्नलांतले गोषवारे मूळ निबंधांशी ताडून पाहिले. काही आकडे निबंधाशी जुळेनात, काही तर निबंधात कुठेच सापडेनात. असे सदोष गोषवारे जर्नलगणिक १८ पासून ६८ टक्क्यांपर्यंत निघाले. ही नामांकित, तगड्या संपादकांची जर्नलं होती.

मी स्वतः पाहिलेली एक गोष्ट सांगते. ठिकाण सांगत नाही. ३००चा गोषवारा दोनशेवर आणताना ‘नियंत्रण गटाच्या तुलनेत’ हे शब्द उडाले. उरलं ते, ‘उपचारानंतर वेदना ४० टक्क्यांनी घटल्या’. आकडा निबंधातलाच होता, खोटं काही नव्हतं. पण नियंत्रण गटातही वेदना बऱ्याच घटल्या होत्या. दोन गटांतला फरक किरकोळ होता. परिषदेत पोस्टरसमोर एका वयस्क डॉक्टरबाईंनी तक्त्यावर बोट ठेवून विचारलं, ‘आणि यांचं काय?’ उत्तर तक्त्यातच होतं.

तेव्हा, आदल्या रात्री मला फोन करण्याआधी एवढं करा. गोषवाऱ्यातला प्रत्येक आकडा निबंधाच्या शेवटच्या प्रतीत शोधून त्याच्याखाली पेन्सिलने रेघ मारा. जो सापडत नाही तो काढा. प्रत्येक टक्केवारीजवळ किती जणांपैकी आणि कशाच्या तुलनेत हे आहे का ते पाहा. एवढं झाल्यावरही शब्द जास्त होत असतील, तर पहिली दोन वाक्यं कापा. गाइडना मी सांगेन.